31 डिसेंबरच्या रात्रीचा संदेश: लूक 13 मधलं अंजिराचं झाड घेतोय, मत हवं

वडील_मिरजपूर्व (14 डिसेंबर, रात्री 9.40)

सगळ्यांना सलाम. मी मिरज तालुक्यातल्या एका गावच्या मंडळीत वडील आहे, पोटापाण्यासाठी शाळेत शिकवतो. आमच्या पाळकसाहेबांकडे तीन गावं आहेत आणि 31 तारखेच्या रात्री ते एकाच ठिकाणी असू शकतात. त्यामुळे आमच्या चर्चमधला सरत्या वर्षाचा संदेश माझ्याकडे आलाय. साठ-सत्तर माणसं असतील. साडेदहाला गाणी, मग साक्षी, सव्वाअकराला संदेश, बाराला घंटा.

गेल्या वर्षीही मीच बोललो होतो, आणि त्याचंच ओझं आहे. शेवटी मी सगळ्यांना उभं केलं, हात वर करायला लावले आणि वर्षभरात पूर्ण बायबल वाचायचं वचन घेतलं. अध्याय 1,189, म्हणजे रोज तीन-चार. हिशोब सोपा वाटला. ईस्टरपर्यंत पाच-सहा घरंच वाचत होती. आमच्यातल्या एका आजींना वाचता येत नाही, त्यांनीही हात वर केला होता. सून त्यांना वाचून दाखवायची. सून बाळंतपणाला माहेरी गेली आणि वाचन थांबलं. तेव्हापासून आजी प्रभुभोजनाला पुढे येईनात. देवाला दिलेला शब्द मोडला, आता कुठल्या तोंडाने यायचं, असं त्यांच्या मनानं घेतलं. मला हे ऑगस्टमध्ये कळलं. मी घरी जाऊन माफी मागितली, पण त्या अजून मागच्याच बाकावर बसतात.

या वेळी लूक 13, ओवी 6 ते 9 घेतोय. द्राक्षमळ्यात अंजिराचं झाड, मालक तीन वर्षं फळ बघायला येतो, मिळत नाही, तोडा म्हणतो. माळी म्हणतो, एवढं वर्ष राहू द्या, मी भोवती खणतो, खत घालतो. यावरून उपकारस्मरण, पश्चात्ताप आणि नवा निश्चय असे तीन भाग करायचे आहेत. शेवट कसा करू, की लोक पुन्हा एखादं पोकळ वचन घेऊन घरी जाणार नाहीत?

कृष्णाकाठ_सांगली (14 डिसेंबर, रात्री 10.15)

दादा, आधी पोलीस ठाण्यात जाऊन या. रात्री 10 ते सकाळी 6 लाउडस्पीकर बंद असा 2000 सालचा नियम आहे. वर्षातून पंधरा दिवसांपर्यंत बारापर्यंतची सूट देता येते, ते दिवस जिल्हाधिकारी जाहीर करतात. 31 डिसेंबर यंदाच्या यादीत आहे का ते विचारून घ्या. हॉलच्या आतल्या आत माईक चालतो, पण बाहेर कर्णा लावू नका. आमच्या इथे ऐन प्रार्थनेत गाडी आली होती.

वडील_मिरजपूर्व (14 डिसेंबर, रात्री 10.30)

आभारी आहे. बाहेर कर्णा नाही लावणार. माझा प्रश्न मात्र संदेशाच्या शेवटाबद्दल आहे.

अभ्यासू_कोरेगाव (15 डिसेंबर, सकाळी 7.05)

या रात्रीचा इतिहास सांगा, लोक जागे राहतील. वॉचनाइट अमेरिकेत सुरू झालं. 31 डिसेंबर 1862 ला गुलामगिरीतली माणसं रात्रभर चर्चमध्ये जागली, कारण दुसऱ्या दिवशी लिंकनचा मुक्तीचा जाहीरनामा लागू होणार होता. तिथूनच ही प्रथा जगभर गेली. वेस्लीनं ती मेथडिस्ट मंडळीत आणली.

निवृत्त_पाळक_सातारा (15 डिसेंबर, दुपारी 12.20)

अभ्यासू, 1862 ची रात्र खरी आहे. पण वेस्ली 1791 मध्ये वारले, तेव्हा क्रम उलटा धरावा लागेल. ब्रिस्टलजवळ किंग्सवूडला कोळसा खाणीतले कामगार होते. त्यांच्या रात्री दारूच्या गुत्त्यात जायच्या. विश्वासात आल्यावर ते त्याच वेळी प्रार्थनेला जमू लागले. हे बंद करा असं वेस्लींना सुचवलं गेलं, त्यांनी उलट ते चालू ठेवलं. ही 1740 च्या सुमाराची गोष्ट. त्याही आधी मोरेव्हियन मंडळीत वर्षाअखेरची रात्र जागवायची रीत होती. आणि वेस्लींची जागरणं सुरुवातीला वर्षाअखेरची नव्हतीच. ती महिन्याला, पौर्णिमेच्या जवळच्या शुक्रवारी असायची, म्हणजे लांबून आलेल्यांना चांदण्यात घरी जाता यावं.

वडील, संदेशात यातलं एक वाक्यसुद्धा पुरे. चांदण्याचं घ्या, आपल्या वाडीवस्तीच्या लोकांना ते कळतं.

आता तुमच्या उताऱ्याबद्दल. तुम्ही सहाव्या ओवीपासून सुरू करताय तिथंच घोटाळा होईल. पहिलीपासून वाचा. पिलातानं यज्ञाच्या वेळी मारलेले गालीली आणि शिलोहाचा बुरूज पडून मेलेले अठरा जण, यांची बातमी येशूसमोर आहे. तो विचारतो, ते इतरांपेक्षा जास्त पापी होते असं तुम्हाला वाटतं काय? आणि स्वतःच उत्तर देतो, नाही. मग तो झाडाची गोष्ट सांगतो. म्हणजे ‘एवढं वर्ष’ ज्यांना मिळालं ते चांगले म्हणून मिळालं, हा अर्थ येशूनं आधीच पुसून टाकलाय.

हे उपकारस्मरणात फार लागतं. 2019 ला मी सांगलीत सेवेला होतो. ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी पाणी 57 फुटांच्या वर गेलं, धोक्याची पातळी 45 ची आहे. त्या वर्षाअखेरीला साक्षींच्या वेळी एक भाऊ उठले आणि म्हणाले, आम्ही गुडघ्यावर होतो म्हणून पाणी आमच्या उंबऱ्याला लागून परत फिरलं. त्यांच्या मागच्याच बाकावर एक ताई बसल्या होत्या. त्यांच्या घरात माळ्यापर्यंत पाणी होतं, आणि गुडघ्यावर त्याही होत्या. त्या हळूच उठून बाहेर गेल्या. त्यानंतर माझा संदेश होता, छान तयार केलेला, आणि तो मी तसाच वाचला. बाहेर जाऊन ताईंशी बोलायला हवं होतं. अजून आठवतं.

म्हणून तुम्ही साक्षींना उभ्या राहणाऱ्यांना आदल्या दिवशी एवढंच सांगा, की ‘देवानं मला वाचवलं’ म्हणताना ‘म्हणून’ आणि ‘कारण’ हे दोन शब्द वापरू नका. शमुवेलानं धोंडा उभा केला तेव्हा तो म्हणाला, येथवर परमेश्वराने आम्हांला साहाय्य केले आहे. येथवर, बस. का केलं ते तो सांगत नाही.

द्राक्षबाग_तासगाव (15 डिसेंबर, रात्री 8.50)

मी वारकरी आहे, तुमच्या चर्चला कधी आलेलो नाही. पण गोष्ट बागेची आहे म्हणून बोलतो. माझी अडीच एकर बाग आहे.

त्या माळ्याला काम कळत होतं. फळ धरत नाही म्हणून झाडावर चिडून उपयोग नसतो. आमच्याकडं ऑक्टोबर छाटणीनंतर घड दिसले नाहीत तर नवी पोरं ऑक्टोबरातल्या औषधांना दोष देतात. पण काडीत घड धरतो एप्रिलच्या खरड छाटणीनंतर, उन्हाळ्यात. तेव्हा पाणी, ऊन, खुडणी चुकली तर ती काडी ऑक्टोबरात कितीही लाडात ठेवा, वांझच राहणार. म्हणजे आज दिसणारं फळ सहा महिन्यांपूर्वीच्या कामाचं असतं. शेणखताचंही तसंच आहे. बोदाच्या कडेनं चर काढून घालायचं, खोडाला चिकटून नाही, कारण खाणारी मुळं लांब असतात. चर काढताना थोडी मुळं तुटतात. तुटली तरी चालतात, तिथून पांढरी मुळी नवी फुटते. पण घातल्या दिवशी काही दिसत नाही, आणि जो रोज जाऊन बघतो तो कंटाळून सोडून देतो.

आणि तुमच्या गोष्टीतलं एक मला आवडलं. माळी म्हणत नाही की पुढच्या वर्षी फळ देतो. तो म्हणतो खणतो आणि खत घालतो. फळाची हमी कुठला शहाणा शेतकरी देईल? माझी बाग दोन वर्षांपूर्वी अवकाळी पावसात डावणी रोगानं गेली. तेव्हा मी विठोबापुढं उभा राहून आभार मानू शकलो नाही, नुसता उभा राहिलो. तुमच्याकडं असा माणूस आला तर त्याच्याकडून आभार वदवून घेऊ नका, एवढीच विनंती.

वडील_मिरजपूर्व (15 डिसेंबर, रात्री 9.30)

तासगावचे दादा, तुम्ही माझा संदेश लिहून दिलात. शेवट मिळाला असं वाटतंय: आपणही फळाचं वचन द्यायचं नाही, खणण्याचं द्यायचं. ‘मी रागावणार नाही’ हे फळ झालं. ‘राग आला की बाहेर ओसरीवर जाऊन बसेन’ हे खणणं झालं. ‘पूर्ण बायबल वाचेन’ हे फळ. ‘रात्री जेवणानंतर टीव्ही लावायच्या आधी दहा ओव्या’ हे खणणं. प्रत्येकानं असं एकच काम ठरवायचं.

रोहिणी_वाई (16 डिसेंबर, दुपारी 3.10)

हे छान आहे, पण पश्चात्तापाच्या भागाचं काय करणार? आमच्याकडे दरवर्षी चिठ्ठ्या देतात. वर्षातलं पाप लिहायचं, घडी घालायची आणि बाहेर शेगडीत टाकायची. मुलांना तर फारच आवडतं.

मी चार वर्षं एकच गोष्ट लिहिते आहे. आई गेल्यावर तिच्या पाटल्या आणि बोरमाळ माझ्याकडे राहिली. धाकट्या बहिणीला मी सांगितलं की आजारपणात दोन्ही मोडाव्या लागल्या. बोरमाळ मोडली होती. पाटल्या नाही. दरवर्षी चिठ्ठी जळताना हलकं वाटतं आणि संक्रांतीला बहिणीचा फोन आला की पुन्हा घशाशी येतं. देवानं क्षमा केली आहे यावर माझा विश्वास आहे. मग हे का जात नाही? माझ्या विश्वासात कमी आहे का?

अभ्यासू_कोरेगाव (16 डिसेंबर, दुपारी 3.45)

ताई, क्षमा झाली म्हणजे झाली. पुन्हा पुन्हा आठवणं हाच सैतानाचा डाव. देवानं जे समुद्रात टाकलं ते आपण गळ टाकून वर काढू नये. चिठ्ठी जाळा आणि मोकळ्या व्हा.

निवृत्त_पाळक_सातारा (16 डिसेंबर, संध्याकाळी 6.30)

रोहिणी, तुझा विश्वास कमी नाही. तुझं मन बरोबर काम करतंय. देवापुढचा हिशोब आणि बहिणीपुढचा हिशोब या दोन वह्या आहेत. एक वही जाळली तर दुसरीतलं देणं फिटत नाही. मत्तय 5 मध्ये अर्पण वेदीपाशी ठेवून आधी भावाशी समेट करायला जा म्हटलंय, आणि तिथं आठवण कुणाला होते पाहा: ज्याच्याविरुद्ध भावाच्या मनात काही आहे त्याला. ती आठवण सैतानाची असती तर येशूनं तिच्यासाठी उपासना थांबवायला सांगितलं नसतं. जक्कयानं चौपट परत देईन म्हटलं, तो आकडा बोलला. पौल दुसऱ्या करिंथमध्ये दोन दुःखांचा फरक करतो, देवाला मानवणारं आणि जगाचं. मला तो फरक एवढाच दिसत आला आहे, की पहिलं कुणाच्या तरी दारापर्यंत चालत जातं आणि दुसरं घरातच घुटमळतं.

वडील, तुमच्यासाठी दोन गोष्टी. चिठ्ठ्या ठेवायच्याच तर पापाचं नाव नको, ज्या माणसाकडे जायचं त्याचं नाव लिहायला सांगा. आणि जाळायची नाही, खिशात घालून घरी न्यायची. दुसरं, भर मंडळीत कबुली मागू नका. मी एकदा मागितली होती. एका माणसानं आपल्या चुकीबरोबर दुसऱ्या घरच्या मुलीची गोष्ट सांगून टाकली. त्याचं मन हलकं झालं, आणि त्या मुलीनं गाव सोडलं. स्वतःची कबुली देतानाही दुसऱ्याचं झाकलेलं उघडं पडतं, हे व्यासपीठावरून कळत नाही.

आणि माफी सगळीकडे चालत जाऊन मागायची नसते. ज्या बाईनं मार खाल्लाय तिच्या दारात मारणारा ‘समेटाला आलो’ म्हणून उभा राहिला तर तो तिला पुन्हा भिववतो. अशा ठिकाणी आधी पाळकांशी किंवा तिच्या माणसांशी बोलायला सांगा. हे दोन वाक्यांत पण नक्की सांगा.

रोहिणी_वाई (16 डिसेंबर, रात्री 10.05)

वाचलं. आज एवढंच लिहिते.

निवृत्त_पाळक_सातारा (17 डिसेंबर, सकाळी 6.15)

वडील, रात्री तुमचा ‘खणण्याचं वचन’ मुद्दा मनात घोळत होता. तो व्यवहाराला उत्तम आहे. पण उतारा तसं म्हणत नाही. त्या गोष्टीत तुम्ही-आम्ही माळी नाही. आपण झाड आहोत. आणि झाड त्या गोष्टीत काहीच वचन देत नाही, तोंडच उघडत नाही. झाडाच्या वतीनं शब्द टाकतो तो माळी, घाम गाळणार तोच. आजींच्या मनातून जे काढायचंय ते हेच आहे. त्यांना वाटतं त्यांचा शब्द मोडला म्हणून सगळं मोडलं. पण त्या उभ्या आहेत त्या दुसऱ्याच्या शब्दावर.

तुम्ही लोकांना फावडं देऊन पाठवलंत तर फेब्रुवारीत ते फावडंही गंजेल आणि पुन्हा तीच लाज.

वडील_मिरजपूर्व (17 डिसेंबर, रात्री 9.00)

पाळकसाहेब, दिवसभर शाळेत हेच डोक्यात होतं. पटतंय, पण अडतंयही. सगळं माळ्यावर सोडलं तर निश्चय उरतोच कुठे? लोक म्हणतील, बरं झालं, आपल्याला काही करायचं नाही. नवव्या ओवीत ‘नाही तर तोडून टाका’ आहेच.

द्राक्षबाग_तासगाव (17 डिसेंबर, रात्री 9.40)

झाडाला काम नसतं असं कुठं आहे? चर काढला, मुळी तुटली, त्यानंतर नवी मुळी झाडानंच फोडायची असते. ती मी फोडू शकत नाही.

निवृत्त_पाळक_सातारा (18 डिसेंबर, सकाळी 6.40)

हे माझ्या चाळीस वर्षांच्या टिपणांत नव्हतं. घ्या, वडील.

मग निश्चय असा होतो: खणू देणं. म्हणजे ज्या माणसाला तुम्हाला विचारायचा हक्क आहे असा एक जण निवडायचा आणि त्याला सांगायचं, मार्चमध्ये मला या गोष्टीबद्दल विचार. विचारल्यावर खरं बोलायचं, ‘नाही जमलं’ हेसुद्धा. वचन द्यायचंच तर खरं बोलण्याचं द्या, ते मोडलं तरी पुन्हा खरं बोलून जोडता येतं. उपदेशक 5 म्हणतो नवस करून न फेडण्यापेक्षा न केलेला बरा, आणि याकोब 4 म्हणतो ‘प्रभूची इच्छा असल्यास’ हे आधी म्हणा. हे दोन्ही सांगा, पण गुडघे टेकायच्या आधी, नंतर नव्हे.

वेस्लींनी 1755 पासून करार-नूतनीकरणाची उपासना घेतली. तिच्या प्रार्थनेत माणूस ‘मी अमुक करीन’ असं फारसं म्हणत नाही. तो म्हणतो, मी आता माझा नाही, मला कामाला लाव किंवा बाजूला ठेव. तो सूर धरा.

वेळेचं एक. संदेश अकरा चाळीसला थांबलाच पाहिजे. आपण सावकाश मिनिटाला शंभरेक शब्द बोलतो, म्हणजे वीस-बावीस मिनिटांना दोन-सव्वादोन हजार शब्द, त्याहून जास्त लिहू नका. अकरा पन्नास ते बारा पूर्ण शांतता. पावणेबारापासून बाहेर फटाके सुरू होतील, तेव्हा तुम्ही बोलत असाल तर आवाज चढवाल आणि सगळं वाया जाईल. शांतता फटाक्यांत मोडत नाही.

अभ्यासू_कोरेगाव (18 डिसेंबर, सकाळी 8.10)

मला तरीही वाटतं लोकांना उभं करून मोठ्यानं काहीतरी म्हणवून घ्यावं. माणसाला ठोस काही लागतं. नुसतं गप्प बसवून नवं वर्ष कसं सुरू होणार? यहोशवानंही लोकांकडून मोठ्यानं वदवून घेतलं होतं.

निवृत्त_पाळक_सातारा (18 डिसेंबर, सकाळी 8.30)

घेतलं होतं. पण आधी त्यानंच त्यांना सांगितलं, तुमच्यानं परमेश्वराची सेवा होणार नाही. ते वाक्य आपण कुणी वर्षाअखेरीला म्हणत नाही. म्हणावं का, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

वडील_मिरजपूर्व (1 जानेवारी, सकाळी 10.20)

सगळ्यांना सलाम आणि नव्या वर्षाच्या शुभेच्छा.

उतारा पहिल्या ओवीपासून वाचला. अठरा जणांपाशी थांबलो आणि यंदा गेलेल्या आमच्या मंडळीतल्या चौघांची नावं घेतली. त्यांच्या घरच्यांना आधी विचारलं होतं. साक्षी तीनच झाल्या. एका भावाच्या तोंडात ‘म्हणून’ आलंच, ते थांबले आणि त्यांनी वाक्य बदललं.

पश्चात्तापाच्या वेळी मी गेल्या वर्षीच्या हात वर करण्याबद्दल बोललो. आजींचं नाव घेतलं नाही. म्हणालो, मी तुमच्याकडून असं वचन घेतलं जे घ्यायचा मला हक्क नव्हता, ते मी परत घेतो, कुणी त्या ओझ्याखाली असेल तर ते माझं आहे. त्यानंतर झाड आणि माळी. तासगावच्या दादांची पांढरी मुळी सांगितली, तेव्हा मागे बसलेले बागवाले माना हलवत होते. चिठ्ठीवर एका माणसाचं नाव आणि मार्च महिना. अकरा बेचाळीसला संपलं, दोन मिनिटं जास्त गेली.

शांततेत फटाके फार वाजले. लहान पोरं दचकली, एक बाळ रडायला लागलं. ती आजींची नात होती. सून उठणार एवढ्यात आजींनी बाळ घेतलं आणि जागा मिळावी म्हणून पुढच्या बाकावर येऊन बसल्या. प्रभुभोजन आमच्याकडे येत्या रविवारी आहे.

अभ्यासू_कोरेगाव (1 जानेवारी, सकाळी 11.00)

आमच्याकडे उभं करूनच घेतलं वचन. लोकांना आवडलं. पण माझ्या शेजारच्या दादांनी हात वर केला नाही, आणि का ते मी चहाच्या वेळी विचारायला गेलो. दीड तास बोलत बसलो.

रोहिणी_वाई (1 जानेवारी, दुपारी 4.35)

मी चिठ्ठी जाळली नाही. सकाळच्या बसनं बहिणीकडे आले आहे, पाटल्या पर्समध्ये आहेत. ती बाजारात गेली आहे, अजून यायची आहे.